दोन दारांचा कल: एका घरातील दोन सरकत्या कपाटांचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातल्या एका गावी एका कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या घरात सरकत्या दारांची दोन कपाटे आहेत. एक तळमजल्यावर, घरमालकाच्या आईच्या खोलीत, आणि दुसरे माडीवर, मुलाच्या आणि सुनेच्या खोलीत. दोन्ही एकाच सुताराने एकाच हंगामात केली. मात्र खालच्या कपाटाची दारे तळाच्या पट्टीवर चाकांनी चालतात आणि माडीवरच्या कपाटाची दारे वरच्या पट्टीला लटकतात. दोन्ही बिघडली, दोन्हींची दुरुस्ती झाली आणि दोन्ही पुन्हा बिघडली. त्यामुळे घरात दोन मते तयार झाली होती. आई म्हणत, खालून चालणारे दार वाईट. सूनबाई म्हणत, वरून लटकणारे दार वाईट. मला बोलावले ते यातला कोणता प्रकार चांगला हे सांगण्यासाठी.

दोन्ही प्रकारांतला मूळ फरक दाराचे वजन कोण पेलतो एवढाच आहे. तळाशी चाके असलेल्या दाराचे सगळे वजन खालच्या पट्टीवर, म्हणजे शेवटी जमिनीवर येते. वरची पट्टी दार फक्त उभे ठेवते. लटकत्या दाराचे सगळे वजन वरच्या पट्टीवर, म्हणजे ती ज्या फळीला किंवा स्लॅबला बसवली आहे तिच्यावर येते. खालचे गाईड दार पुढेमागे झुलू नये एवढेच पाहते. हे वजन थोडे नसते. तळमजल्यावरचे दार तीन फूट रुंद, सात फूट उंच, 18 मि.मी. प्लायचे आणि दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेले होते. असे एक दार साधारण 28 किलो भरते, आणि त्यातल्या एकावर 4 मि.मी. जाडीचा उभा आरसा असल्यामुळे ते 39 किलोच्या आसपास जात होते. म्हणून दार अडते किंवा वाजते तेव्हा मी आधी वजन पेलणारी बाजू तपासतो, कारण जी बाजू नुसती वाट दाखवते तिच्यावरची घर्षणाची खूण बहुधा दुसऱ्या बाजूच्या दोषाचा परिणाम असते.

आईच्या खोलीतले कपाट

काकूंची तक्रार अगदी नेमकी होती. "दार ओढलं का किरकिर करते, अन् मधात आलं का गच्च होते. तेल टाकलं का चार दिवस बरं चालते, मंग पुन्हा तसंच." पावसाळ्यात त्रास वाढतो, हेही त्यांनी आपणहून सांगितले. ही शेवटची गोष्ट मी लक्षात ठेवली, कारण प्लाय फुगण्यापलीकडेही तिचा अर्थ असू शकतो.

आवाज ऐकताना तो कसा आहे यापेक्षा किती अंतराने येतो हे पाहणे जास्त उपयोगी पडते. मी खालच्या पट्टीशेजारी फरशीवर खडूने रेघ ओढली, दार अगदी हळू सरकवले आणि प्रत्येक 'खट' आवाजाला दाराच्या कडेसमोर त्या रेघेवर खूण केली. बहुतेक खुणा एकमेकींपासून तीन इंचांच्या थोड्या पुढे पडल्या. चाकाचा व्यास 25 मि.मी. असेल तर त्याचा घेर साधारण 78 मि.मी. होतो, म्हणजेच तीन इंचांहून किंचित जास्त. याचा अर्थ चाकाच्या घेरावर एका जागी दोष होता आणि चाक दर फेऱ्याला तो दोष वाजवत होते. यांखेरीज एक 'खट' मात्र प्रत्येक वेळी पट्टीच्या एकाच जागी येत होता, दार कुठल्याही बाजूने आणले तरी. तो दोष चाकाचा नव्हता, पट्टीचा होता. तिथे पट्टीचा एक स्क्रू टाईलमधल्या गट्ट्यातून सैल होऊन वर आलेला होता आणि चाक त्याच्या डोक्यावरून उडी मारत होते.

दारे उचलून खाली उतरवल्यावर चाकांचे खरे रूप दिसले. घरात दिवाळीनंतर वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत शेजारच्या खोलीत भरून ठेवतात. त्याचे तंतू हवेने सगळीकडे पसरतात आणि तळाच्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतात. एरवी ते झाडून काढता आले असते, पण त्या खाचेत वर्षभर खाद्यतेल आणि शिलाई मशीनचे तेल आलटून पालटून टाकले गेले होते. तेल, काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू यांचा एक काळा, चिवट थर खाचेत जमला होता, आणि चाकांच्या आसांभोवती तंतू टकळीवर सूत गुंडाळावे तसे घट्ट गुंडाळले गेले होते. आरशाच्या दाराची दोन्ही चाके फिरतच नव्हती. ती पट्टीवरून घासत जात होती. न फिरणारे नायलॉनचे चाक एकाच जागी झिजते आणि तिथे सपाट होते, आणि ते अधूनमधून झटक्याने फिरले की तोच सपाट भाग वाजतो. खडूच्या खुणांचा उलगडा इथे झाला. तेल टाकल्यावर चार दिवस बरे वाटे, कारण ओल्या थरावरून न फिरणारे चाकसुद्धा घसरते. तेलात नवी धूळ बसली की थर आणखी घट्ट होतो. सरकत्या दाराच्या तळपट्टीत तेल टाकू नये असे मी सगळ्यांना ठामपणे सांगतो, त्याचे कारण हे आहे.

काळा थर लाकडी पातीने खरवडून काढला, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पट्टी पुसली, ती पूर्ण वाळू दिली, सैल स्क्रूच्या जागी नवा गट्टा घालून स्क्रू डोक्यासकट बुडवला आणि दारांना नवी, बेअरिंगची, जास्त वजन पेलणारी चाके बसवली. किरकिर थांबली. इथेच काम संपवता आले असते आणि या आधीच्या दुरुस्तीत बहुधा तेच झाले होते. पण दार मध्येच 'गच्च' का होते, याचे उत्तर अजून मिळालेले नव्हते.

म्हणून दारे बंद करून दोन्ही कडेच्या फटी पाहिल्या. कपाटाची एक बाजू घराच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे. त्या बाजूचे दार बंद केले की वरचा कोपरा चौकटीला टेकत होता आणि खाली सुमारे 9 मि.मी., म्हणजे जवळपास तीन सूत फट राहत होती. दुसऱ्या बाजूचे दार बंद केले की नेमके उलटे: तळ टेकत होता आणि फट वर उघडत होती. म्हणजे दोन्ही दारे एकाच दिशेला, बाहेरच्या भिंतीकडे कललेली होती. चौकटीच्या उभ्या बाजूंना ओळंबा लावला तर त्या सरळ निघाल्या. मग पाण्याच्या नळीने पट्टीची दोन्ही टोके मोजली. सहा फुटांत पट्टी बाहेरच्या भिंतीकडे 8 मि.मी. उतरलेली होती. हिशेब जुळतो: सहा फुटांत 8 मि.मी. उतार असेल तर सात फूट उंचीच्या दाराचा माथा साधारण 9 मि.मी. सरकतो.

वजनकाट्याच्या हुकाने दार ओढून पाहिल्यावर हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने दिसली. नव्या चाकांवरही आरशाचे दार आतल्या बाजूला ओढायला बाहेरच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे जास्त जोर लागत होता. थोडक्यात, दार दर वेळी एक बारीक चढ चढत होते. काकू दाराची खाच खांद्याच्या उंचीवर धरून ओढत असत. चढावर दार असे वरून ओढले की ते ओढीच्या बाजूला तिरके होते, मागचे चाक उचलल्यासारखे होते आणि दाराची वरची कड गाईडमध्ये तिरपी अडकते. 'मधात गच्च होते' त्याचे कारण हे होते.

पट्टी उतरली कारण ती थेट टाईल्सवर बसवलेली होती आणि टाईल्स भरावावर होत्या. काळ्या मातीच्या भागात हे वारंवार दिसते. भिंती खोल पायावर उभ्या असतात, त्यामुळे त्या सहसा जागच्या जागी राहतात. मधली जमीन मात्र जोत्यात भरलेल्या मातीवर टेकलेली असते. ती माती नीट धुमस केलेली नसेल तर बसते, आणि खालची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खोलीत बाहेरच्या भिंतीलगत टाईल्स आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये एक सरळ रेघ उघडलेली दिसत होती. त्या घरात पावसाळ्यात त्रास वाढतो याचे हे जास्त खरे कारण होते.

आता चाकांच्या उंचीचे स्क्रू फिरवून हा दोष दुरुस्त करता येतो का, हा प्रश्न येतो, आणि या कपाटात त्याचे उत्तर 'काही काळापुरता हो' असे आहे. उतार सगळीकडे सारखा असेल तर दाराची उताराकडची बाजू चाकाच्या स्क्रूने साधारण सव्वा सूत उचलली की दार पट्टीवर कुठेही उभे केले तरी सरळ राहते. फटी समान होतात, वरचे घासणे थांबते. चढ मात्र तसाच राहतो, आणि जमीन पुढच्या पावसात पुन्हा हलली की स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो.

माडीवरचे कपाट

माडीवरच्या कपाटात किरकिर नव्हतीच. दारे बेअरिंगच्या चाकांवर लटकत होती आणि वरच्या पट्टीत धूळ नावालाही नव्हती. हा लटकत्या दाराचा खरा गुण आहे. चाके जमिनीपासून दूर असतात, त्यामुळे कापूस आणि माती त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नाही. सूनबाईंची तक्रार वेगळी होती: दार खालच्या गाईडवर घासते, आणि एकदा घासायला लागले की दोन हातांनी रेटावे लागते. त्यासाठी आधी एका सुताराने दारांच्या तळाची कड साधारण दीड सूत रंधून दिली होती. काही महिने दार मोकळे चालले आणि मग पुन्हा टेकू लागले.

इथेही मी दोन्ही दारे बंद करून फटी पाहिल्या, आणि चित्र खालच्या खोलीपेक्षा निराळे होते. दोन्ही बाजूंना फट वरच्याच टोकाला होती, जवळपास दोन सेंटिमीटर, आणि दोन्ही दारांचे तळ कडेला टेकलेले होते. म्हणजे दारे एकाच दिशेला न कलता माथ्याशी एकमेकांकडे झुकलेली होती. असे झुकणे जमिनीच्या उतारामुळे होऊच शकत नाही. दोन दारे एकमेकांकडे झुकली की वरची पट्टी मध्यभागी लवली आहे असे समजावे. बंद दाराचे बाहेरचे चाक पट्टीच्या टोकाजवळ, न लवलेल्या जागी असते आणि आतले चाक बरोबर मध्यावर, सगळ्यात खोल जागी. म्हणून दाराचा आतला कोपरा खाली येतो आणि माथा आत झुकतो. दार हलके ढकलून सोडून दिले की तेही हेच सांगते: डावीकडून सोडा किंवा उजवीकडून, ते मध्याकडे जाऊन थांबते.

खात्रीसाठी पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणून बांधली आणि मध्यावर अंतर मोजले. 12 मि.मी. निघाले. दारांखाली मुळात 8 मि.मी. मोकळी जागा ठेवली होती, असे तळाच्या न रंधलेल्या एका तुकड्यावरून कळत होते. लवणे 8 मि.मी. पर्यंत गेले तेव्हा दार टेकले. रंधल्यावर आणखी थोडी जागा मिळाली. फळी लवत राहिली आणि तीही संपली. रंधण्याने आणखी एक नुकसान झाले होते. तळाचे एजबँड निघून प्लायची कड उघडी पडली होती, रोजच्या पोछ्याचे पाणी त्या कडेने शोषले होते आणि तिथले थर सुटून जाडी वाढली होती. त्यामुळे दार आता वरून खाली टेकत होते आणि त्याच वेळी गाईडच्या खाचेत बाजूंनीही दाबले जात होते.

फळी का लवली, हे कपाटाच्या बांधणीत स्पष्ट दिसत होते. कपाट सात फूट रुंद, सुटे, भिंतीत न बसवलेले. माथ्याची फळी 18 मि.मी. प्लायची, आणि तिच्या पुढच्या कडेला चार इंचांची उभी पट्टी. साड्या आणि शेरवानी एका सलग रॉडवर टांगता यावीत म्हणून आत मध्यभागी उभी फळी दिलेलीच नव्हती. म्हणजे सात फुटांच्या अंतरात त्या फळीला दोन टोकांखेरीज कुठेही आधार नव्हता. तिच्यावर दोन दारांचे साठ किलोच्या पुढचे वजन कायमचे लटकत होते, आणि वर रजया, गाद्या व एक भरलेली लोखंडी पेटी ठेवलेली होती. पेटी आणि गाद्या उतरवल्यावर दोरीचे अंतर 12 वरून 9 मि.मी. झाले, त्यापेक्षा कमी झाले नाही. प्लायवर वजन दीर्घकाळ राहिले की तो हळूहळू लवतो आणि वजन काढल्यावर पूर्ण सरळ होत नाही. उरलेले 9 मि.मी. बरेचसे त्यातले होते.

इथे चाकांचे बोल्ट फिरवून काम भागत नाही, आणि अनेकजण इथेच वेळ वाया घालवतात. बोल्टने दार आणि चाक यांच्यातले अंतर बदलते. पट्टीचा बाक बदलत नाही. बंद दारात आतले चाक खोल जागी आहे म्हणून ते वर घेतले, तर दार बंद असताना सरळ दिसेल. पण तेच दार उघडून दुसऱ्या टोकाला नेले की ते वर घेतलेले चाक आता टोकाजवळच्या उंच जागी जाते आणि दार आणखी वाईट रीतीने तिरके होते. एकसारखा उतार स्क्रूने सावरता येतो, बाक सावरता येत नाही. या घरातल्या दोन्ही कपाटांना आधीच्या दुरुस्त्या का टिकल्या नाहीत, हे समजण्यासाठी मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

काय केले आणि का

घरमालकांचा विचार सरळ होता. "भाऊ, दोन्ही एकसारखे करून टाका, एकदाची कटकट जाईल." त्यांना दोन्हीकडे लटकती दारे हवी होती, कारण माडीवर निदान कापूस अडकत नव्हता. पण कोणता प्रकार कुठे हे ठरवताना वर काय आहे आणि खाली काय आहे हे आधी पाहावे लागते. आईच्या खोलीत खाली हलणारी जमीन होती आणि वर, सात फुटांवर, भिंतींत बसवलेला काँक्रीटचा सज्जा. पाण्याच्या नळीने सज्ज्याचा तळ मोजला तर दोन टोकांत जेमतेम 1 मि.मी. फरक आला. दोन दारांचे मिळून 70 किलोच्या आतले वजन त्या सज्ज्याला काहीच नाही. माडीवर नेमके उलटे होते: खाली काँक्रीटच्या स्लॅबवरची पक्की, सपाट, कमी धुळीची जमीन आणि वर लवणारी प्लायची फळी. नव्याने करायचे असते तर मी खाली लटकती आणि माडीवर तळाच्या चाकांची दारे केली असती. प्रत्यक्षात प्रत्येक खोलीला दुसरीचा प्रकार मिळाला होता.

आईच्या खोलीत दारे लटकती करण्याचा निर्णय घेतला. सज्ज्याच्या तळाला गिलावा होता आणि तो वरखाली होता, म्हणून पट्टी थेट त्याला न लावता आधी तीन इंच रुंद, सुकलेल्या सागाची सरळ पट्टी बसवली. ती 8 मि.मी. च्या अँकर बोल्टने साधारण फुटाफुटावर धरली. भोके गिलाव्यातून पुढे काँक्रीटमध्ये पुरेशी खोल जातील याची काळजी घ्यावी लागते, कारण गिलाव्यात धरलेला बोल्ट लटकत्या वजनाखाली निसटतो. एका जागी ड्रिल सळईला लागले, तेव्हा भोक इंचभर बाजूला घेतले. सागाची पट्टी पॅकिंग देऊन लेव्हलला आणली आणि मगच तिला ट्रॅक लावला. दारांची उंची वरून कापावी लागली, किती ते सेटबरोबरच्या मापाच्या कागदावर दिलेले असते. कापलेल्या कडांना लगेच एजबँड लावले. दारांखाली 10 मि.मी. जागा सोडली. ही जागा दिसायला जास्त वाटते, पण जमीन हलणार आहे हे माहीत असताना ती सोडलीच पाहिजे. तळाला सलग खाच ठेवली नाही. दोन दारे एकमेकांवर येतात त्या जागी जमिनीला एकच छोटे गाईड बसवले, म्हणजे कापूस साठायला खाचच उरत नाही.

माडीवर तळाची चाके करता आली असती, पण त्याने प्रश्न पूर्ण सुटला नसता. माथ्याची फळी लवलेली राहिली असती तर तळावर चालणाऱ्या दाराला तिने वरून दाबले असते. म्हणजे फळी सरळ करणे दोन्ही प्रकारांत अपरिहार्य होते, आणि ती एकदा सरळ करून नीट आधार दिला की लटकत्या दारातही दोष उरत नाही. म्हणून तिथला प्रकार बदलला नाही. दारे उतरवली, फळीच्या मध्याखाली आडवा जाड पाटा धरून जॅकने ती सावकाश वर घेतली आणि दोरी सरळ झाल्यावर किंचित जास्त उचलली. मग दारांच्या मागे, कपाटाच्या आत, मध्यभागी सागाचा उभा खांब जमिनीपासून फळीपर्यंत ठोकून बसवला. ट्रॅक खांबाच्या पुढे आहे, म्हणून खांबाच्या माथ्याला पुढे येणारी लोखंडी ब्रॅकेट दिली, जेणेकरून आधार ट्रॅकच्या बरोबर वरच्या भागाला मिळेल. नुसत्या मागच्या आधाराने पुढची कड लवतच राहिली असती. आधाराविना लांबी निम्मी झाली की तेवढ्याच फळीचे, दर फुटाला तेवढ्याच वजनाखालचे लवणे सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे जाड लोखंडी पाइप वगैरे घालण्याची गरज उरली नाही. रॉडचे दोन भाग झाले, हे सूनबाईंना आधी सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. पेटी जमिनीवर आली. वर फक्त रजया ठेवायच्या असे ठरले. दारांची फुगलेली तळकड अर्धा इंच कापून तिथे सागाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पॉलिश मारले, म्हणजे पोछ्याचे पाणी आत शिरणार नाही.

पावसाळ्यानंतर

त्या पावसाळ्यानंतर दोन्ही कपाटे पुन्हा मोजली. आईच्या खोलीत बाहेरच्या भिंतीकडे दाराखालची फट 10 मि.मी. न राहता आता 7 मि.मी. भरली, म्हणजे जमीन पुन्हा हलली होती, पण या वेळी थोडी वर आली होती. दारांच्या कडेच्या फटी मात्र वरपासून खालपर्यंत सारख्याच होत्या, कारण दारांचा आता जमिनीशी संबंध उरलेला नाही. फट 3 मि.मी. च्या खाली आली तर दोन्ही चाकांचे बोल्ट सारखे फिरवून दार वर घ्यावे, हे घरमालकांना पाना देऊन दाखवून ठेवले आहे. माडीवर दोरीचे अंतर दीड मि.मी. आले आणि दार सोडले तिथेच थांबू लागले.

एक नवी तक्रार मात्र उभी राहिली. मृगाआधीच्या वादळी वाऱ्यात खिडकी उघडी असली की आईच्या खोलीतली लटकती दारे खडखडत होती. तळावर वजन असलेले दार वाऱ्याने फारसे हलत नाही. लटकत्या दाराला खाली गाईडच तेवढे धरून असते, आणि जमिनीच्या हालचालीसाठी मोकळे ठेवलेले गाईड थोडे वाजणारच. गाईडच्या आतल्या दोन्ही बाजूंना पातळ फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दारांच्या बंद होण्याच्या कडेला ब्रशची पट्टी लावली. खडखड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. फेल्ट आणखी जाड घेतले तर दार सरकवायला जड होते, म्हणून काकूंनी ओढून पाहिले आणि पातळ फेल्टच राहू द्या असे सांगितले.